मदतीला हाक मारणाराही खेळात हवा : बालवाडीतला ‘आपले मदतनीस’ हा पाठ

(अलिबाग येथे अंगणवाडी सेविका, बालवाडीच्या शिक्षिका आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलीचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मुरूड, श्रीवर्धनकडून पहाटेची एसटी पकडून आलेल्या ताई इथे बसल्यात, त्यामुळे प्रस्तावनेत वेळ घालवत नाही. आजचा विषय तुमच्या सगळ्यांच्या भिंतीवर टांगलेला आहे. ‘आपले मदतनीस’ हा तक्ता. डॉक्टर, पोलीस, पोस्टमन, अग्निशामक दलाचा जवान, असे आठ-दहा चौकोन. आपण काठी ठेवतो, मुलं नाव सांगतात. मग एखाद्या कार्यक्रमात त्याचं नाटुकलं करतो. डॉक्टरचा पांढरा कोट, पोलिसाची टोपी. एकेक मूल पुढे येतं, ‘मी डॉक्टर आहे, मी तुम्हाला बरं करतो’ म्हणतं, टाळ्या पडतात, मूल जातं.

याला मी फॅन्सी ड्रेस म्हणते. त्यात वाईट काही नाही, फोटो छान येतात. पण तो भूमिकेचा खेळ नव्हे. भूमिकेच्या खेळात कुणाला तरी अडचण आलेली असते, कुणीतरी हाक मारतं, कुणीतरी येतं, काहीतरी क्रमाने करतं आणि अडचण सुटते. म्हणजे कमीत कमी दोन मुलं एकमेकांशी बोलली पाहिजेत. नुसतं एकट्या डॉक्टरला उभं केलं तर तो बरं कुणाला करणार?

सारा स्मिलान्स्की या इस्रायलमधल्या संशोधक बाईंनी १९६८ साली याच प्रकारच्या खेळावर एक पुस्तक लिहिलं. गरीब, स्थलांतरित कुटुंबांतली काही मुलं असा खेळ फारसा खेळत नाहीत, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी काही मुलांना नुसते अनुभव दिले, म्हणजे दवाखाना दाखवला, दुकान दाखवलं, गप्पा मारल्या. काहींना खेळायचं कसं ते खेळात शिरून दाखवलं. आणि काहींना दोन्ही दिलं. नुसत्या अनुभवाने खेळात विशेष फरक पडला नाही. दोन्ही मिळालेल्या मुलांचा खेळ सगळ्यांत जास्त फुलला. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. आधी माणूस दाखवायचा, आणि मग आपण स्वतः खेळात उतरायचं. खुर्चीवर बसून ‘आता तू हे म्हण’ असं सांगायचं नाही.

कोणता मदतनीस निवडायचा?

तक्त्यावरचा अग्निशामक जवान घ्या. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांतल्या मुलाने आगीचा बंब डोळ्यांनी पाहिलेला नसतो. त्याच्या डोक्यावर लाल टोपी ठेवली की ते गोंधळून उभं राहतं. आपण म्हणतो, मूल लाजरं आहे. ते लाजरं नाही हो, त्या माणसाचं काम काय असतं तेच त्याला माहीत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आपल्याच कोकण किनाऱ्यावर, वर बोर्डीला, ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेलं. महागडी परदेशी साधनं बाजूला ठेवून मुलांच्या आसपास जे सापडतं त्यातूनच शिकवायचं, हा त्यांचा आग्रह होता. शिंपले, खडे, बिया, पानं. तोच नियम मदतनिसांनाही लावा. गावात सापडतो तो मदतनीस घ्या.

मी तीन गोष्टी तपासते. मुलाने त्या माणसाला काम करताना पाहिलंय का? त्याच्या कामाला ‘आधी हे, मग ते’ असा क्रम आहे का? आणि त्याच्यावाचून कुणाचं तरी अडतं का? तिन्हींना ‘हो’ आलं तर पाठ होतो. आपल्याकडे आशाताई आहे, एसटीचा कंडक्टर आहे, मांडव्याच्या जेट्टीवर दोर टाकणारा खलाशी आहे, अलिबाग-काशीदच्या किनाऱ्यावर शिट्टी घेऊन फिरणारा जीवरक्षक आहे. आणि ज्याचं नाव तक्त्यावर मी क्वचितच पाहिलंय, पण पावसाळ्यात आपल्याकडे घराघरात ज्याची वाट बघतात, तो आहे वायरमन.

आज मी फक्त वायरमनचा पाठ सांगणार आहे. कारण त्यात मी स्वतः एक चूक केली आणि ती चूक मला सगळ्या मदतनिसांबद्दल काहीतरी शिकवून गेली.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, ते इथे कुणाला सांगायला नको. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब वाकले, तारा रस्त्यावर लोळत होत्या. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. आज तुमच्या अंगणवाडीत बसणारी मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती. पण दर पावसाळ्यात फांदी पडते, तार तुटते, लाईट जाते. हे त्यांनी पाहिलेलं असतं.

पहिला दिवस : माणूस बघायचा

खेळाच्या आदल्या दिवशी गावच्या वायरमन दादांना दहा मिनिटांसाठी बोलवा. वर्गात जमत नसेल तर मुलांना रस्त्याच्या कडेला, डीपीपासून लांब उभं करून लांबूनच दाखवा. दादांना भाषण करू देऊ नका. एकच प्रश्न विचारा : ‘दादा, लाईट गेली की तुम्ही सगळ्यात आधी काय करता?’

आमच्याकडे आलेले दादा म्हणाले, ‘आधी लाईन बंद करून घेतो.’ सबस्टेशनला फोन करायचा, तिकडून लाईन बंद झाल्याचं पक्कं करायचं, मग हातमोजे, हेल्मेट, पट्टा, आणि मगच शिडी. मुलं थक्क झाली. लाईट आणणारा माणूस आधी लाईट बंद करतो! हे कोडंच आपल्या खेळाचा कणा आहे. महावितरणात महिला तंत्रज्ञही आहेत. त्या भागात कुणी असेल तर जरूर बोलवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ‘मुली वायरमन होत नसतात’ हा वाद उरत नाही.

पोशाख : प्रत्येकाला एकच वस्तू

पोशाखाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. प्रत्येक मुलाला एकच वस्तू द्या, फार तर दोन. आणि ती वस्तू हाताला काम देणारी हवी. पूर्ण गणवेश शिवला की मूल त्यातच अडकतं, बटणं लावण्यात दहा मिनिटं जातात आणि खेळ राहतो बाजूला.

वायरमनसाठी हातमोजे हवेत. घरातले मोठ्या माणसाचे जुने पायमोजे घ्या. मुलाच्या हातात ते कोपरापर्यंत येतात, अगदी खऱ्या रबरी मोज्यांसारखे दिसतात. डोक्याला पिवळ्या कार्डशीटची चार बोटं रुंद पट्टी, मागे पेपरक्लिप न लावता डिंकाने चिकटवलेली. ते झालं हेल्मेट. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात एक लाकडी उलथनं. खरा पाना, पक्कड, टेस्टर यांतलं काहीही नको.

सबस्टेशनवाल्याला एक पुठ्ठ्याचं खोकं द्या. त्याच्या एका बाजूला कापून उघडमीट करणारी खिडकी करायची. बंद असताना लाल, उघडली की आत हिरवा कागद. हाच स्विच. घरातल्या आजीला डोक्यावर घ्यायला ओढणीचा तुकडा आणि फोन म्हणून साबणाच्या वडीचं रिकामं खोकं. घर म्हणजे दोन खुर्च्यांवर टाकलेली साडी. बल्ब म्हणजे गोल पुठ्ठा, एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने पिवळा.

आता खांब आणि तार. इथे नीट ऐका. खांब उभा करायचा नाही. खांब आणि शिडी जमिनीवर खडूने आखायची, आणि मूल त्या आखलेल्या पायऱ्यांवरून चालत ‘चढतं’. खुर्चीवर, टेबलावर, खिडकीवर चढणं खेळात नाही. आणि तार म्हणून खरी वायर कधीही वापरायची नाही, तुकडासुद्धा नाही. वेणीची लाल रिबन घ्या. आज खेळात हातात घेतलेली काळी वायर आणि उद्या पावसात पडलेली काळी वायर यांतला फरक चार वर्षांच्या मुलाला कळेल यावर मी विसंबत नाही. पट्टा म्हणून कमरेला दोरही नको, गळ्यात अडकेल असं तर काहीच नको.

खेळ, आणि माझी चूक

पहिल्यांदा हा खेळ घेतला तेव्हा मी चार भूमिका ठेवल्या होत्या : आजी, वायरमन, त्याचा मदतनीस आणि सबस्टेशनवाला. बाकीची मुलं गोल करून बसलेली, ती म्हणजे गाव. मी झाले शेजारीण.

मी बल्ब काळा केला आणि म्हटलं, ‘अगं बाई, लाईट गेली! आजी, तुमच्याकडे आहे का?’ आजी म्हणाली, ‘नाही.’ आणि वायरमन लगेच धावत येऊन रिबन बांधायला लागला. दहा सेकंदांत लाईट आली. खेळ संपला!

हे हमखास होतं. अशा वेळी ‘असं नाही, असं कर’ म्हणून खेळ थांबवू नका. शेजारणीच्याच तोंडून बोला. मी ओरडले, ‘अहो वायरमन दादा, थांबा थांबा! लाईन बंद आहे का? मला भीती वाटते.’ तो थबकला. खोकं घेऊन बसलेल्या मुलीकडे बघितलं. ‘लाईन बंद कर,’ म्हणाला. तिने खिडकी मिटली, लाल झालं. ‘बंद केली!’ मग त्याने मोजे घातले, खडूची शिडी चढला. पुढच्या वेळी त्याला कुणी सांगावं लागलं नाही. उलट सबस्टेशनवालीच दरडावत होती, ‘मोजे घातले का? मग हिरवं करणार नाही.’

मी खूश. पोशाख उतरवले, गोल बसलो, प्रश्न सुरू केले. आणि एका पाच वर्षांच्या मुलाला विचारलं, ‘तुझ्या घराजवळ तार तुटून पडली तर तू काय करशील?’ तो ताठ बसून म्हणाला, ‘मोजे घालीन आणि बाजूला करीन. आजीला लागंल ना.’

माझ्या पोटात खड्डा पडला. मुलाचं काहीच चुकलं नव्हतं. मी त्याला अर्धा तास वायरमन केलं होतं, मदत करणारा केलं होतं, पायमोज्याला रबरी मोजा म्हणायला शिकवलं होतं. तो अगदी शिकवल्याप्रमाणे बोलला. मीच विसरले होते की या मुलाच्या खऱ्या आयुष्यात, पुढच्या पावसात, त्याच्या वाट्याला वायरमनची भूमिका येणार नाही. त्याच्या वाट्याला येणार आहे ती तार पाहणाऱ्या मुलाची भूमिका. आणि ती माझ्या खेळात नव्हतीच.

पाचवी भूमिका

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही खेळ पुन्हा केला आणि एक भूमिका वाढवली : ‘तार पाहिलेलं मूल’. त्याचा पोशाख काहीच नाही, फक्त पाठीला रोजचं दप्तर. कारण ते तेच मूल आहे. त्याचं काम तीन गोष्टींचं आहे. थांबायचं. मागे जायचं. मोठ्याला ओरडून सांगायचं.

हे नुसतं म्हणून घ्यायचं नाही, शरीराने करून घ्यायचं. जमिनीवर लाल रिबन टाका. मूल दप्तर घेऊन चालत येतं, रिबन दिसते, थांबतं. मग मागे मागे जातं. किती मागे? मुलांना मीटर सांगून उपयोग नाही. आम्ही सांगतो, ‘तुझ्या आणि तारेच्या मधे एक अख्खी एसटी उभी राहील एवढं लांब.’ शक्य असेल तर अंगणात तेवढं अंतर खडूने आखा, साधारण दहा-बारा मीटर होतं. मग मूल हाक मारतं : ‘आजी, तार पडलीय! कुणी जाऊ नका!’ आजी साबणाचं खोकं कानाला लावते, १९१२ वर फोन करते, आणि तिथून पुढे वायरमनचा खेळ सुरू होतो.

गोलात बसलेल्या ‘गावा’लाही आता काम मिळतं. कुणी रिबनकडे गेलं की सगळ्यांनी मिळून ‘लांब!’ म्हणायचं. पूर्वी बसलेली मुलं चुळबुळ करायची, आता त्यांचं लक्ष खेळातून हलत नाही.

आणि भूमिका बदलत राहा. सगळ्यांना वायरमनच व्हायचं असतं, त्यावरून रडारड होते. आम्ही नियम केला की वायरमन व्हायच्या आधी प्रत्येकाने एकदा ‘तार पाहिलेलं मूल’ व्हायचं. भांडणही मिटलं आणि जी भूमिका प्रत्येकाला यायलाच हवी ती प्रत्येकाच्या अंगाखालून गेली. तीन-चार वर्षांच्या मुलांचा खेळ दहा मिनिटांत आटपा, पाच-सहा वर्षांची मुलं वीस मिनिटं सहज खेळतात. वीस मुलांचा वर्ग असेल तर एका दिवसात सगळ्यांना बसवू नका, तीन-चार दिवस घ्या.

खेळानंतरचे प्रश्न

प्रश्नांच्या आधी पोशाख उतरवायचाच. मोजे काढून टोपलीत टाकायचे आणि मोठ्याने आपलं नाव घ्यायचं. त्याने मूल भूमिकेतून बाहेर येतं, आणि आपण विचारतो ते त्याला विचारतो, वायरमनला नाही.

प्रश्न तीनच ठेवा आणि चढत्या क्रमाने. पहिला, काय झालं त्याचा : ‘आजीच्या घरात काय झालं होतं?’ लहानांना यातही बोलता आलं नाही तर वस्तू पुढे ठेवा आणि ‘वायरमनने हातात काय घातलं, दाखव’ म्हणा. बोट दाखवणं हेही उत्तर आहे. दुसरा, क्रमाचा आणि कारणाचा : ‘दादाने शिडी चढायच्या आधी काय केलं? का बरं?’ तिसरा, मुलाच्या स्वतःचा : ‘तू शाळेतून येताना तार दिसली. तू काय करशील?’ आणि इथे सांगू नका, करून दाखवायला सांगा. तोंडाने ‘लांब जाईन’ म्हणणारं मूल पायांनी रिबनकडे जाताना मी पाहिलंय.

प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. आपण दोनच्या आत स्वतः उत्तर देऊन मोकळे होतो. आणि ‘वायरमन दादा चांगले असतात की नाही?’ असे प्रश्न सोडा. त्याला सगळा वर्ग एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतो आणि आपल्याला काहीच कळत नाही.

चुकीचं उत्तर आलं तर दोन प्रकार करा. एका मुलीने सांगितलं, ‘वायरमन पिशवीतून लाईट घेऊन येतो.’ हे गोड आहे, घाई नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी करून बघू, असं म्हणून खेळातच सोडवा. पण ‘मी तार बाजूला करीन’ हे उत्तर आलं तर तिथल्या तिथे, न रागावता, त्या मुलाला उठवून पुन्हा थांबणं, मागे जाणं, ओरडणं करून घ्या. त्या दिवशी घरी जायच्या आत. आणि पालकांनाही सांगा.

हेच जीवरक्षकाला लावून बघा. आपल्या मुलांचं घर समुद्राच्या काठावर आहे. शिट्टी आणि लाल-पिवळी टोपी देऊन त्यांना ‘बुडणाऱ्याला वाचवा’ असं खेळायला लावलं, तर काय शिकतील? पाण्यात धावायला. म्हणून तिथेही आधी ‘काठावर थांबून ओरडणारं मूल’ हवं. आशाताईच्या खेळात ‘माझं पोट दुखतंय’ असं नीट सांगणारं मूल हवं. मदतनिसाचं कौतुक होईलच, पण मदत मागता येणं ही आपल्या मुलांची खरी भूमिका आहे.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*ताई, आमच्याकडे एक मुलगा खेळात येतच नाही. जबरदस्ती करावी का?*

अजिबात नाही. त्याला बल्बचा पुठ्ठा द्या. तो फिरवायचा एवढंच काम. तो सगळा खेळ बघत असतो. पण रिबनपासून मागे जाण्याची कृती मात्र त्याच्याकडून करून घ्या, एकट्याने, तुम्ही हात धरून. ती नाटकातली नाही, रस्त्यावरची गोष्ट आहे.

*एवढं केल्यावर मूल तारेला हात लावणार नाही, याची खात्री काय?*

खात्री नाही. चार वर्षांच्या मुलाला खेळातून आलेली सवय विसरायला वेळ लागत नाही. म्हणून हा पाठ मी मे अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात घेते आणि श्रावणात पुन्हा एकदा. वादळाच्या दुसऱ्या दिवशी मुलाला एकटं बाहेर न सोडणं हे मोठ्यांचंच काम आहे, ते खेळावर ढकलता येत नाही. पण खेळ मुरला की नाही, हे ओळखायची एक खूण सांगते. काही दिवसांनी मोकळ्या वेळात मुलं आपणहून काय खेळतात ते बघा. आमच्याकडे एक दिवस अंगणात सुतळी पडली होती. एक चिमुरडी दप्तर पाठीला लावून थांबली, चार पावलं मागे गेली आणि ओरडली, ‘बाई, लाईन बंद आहे का?’ मी ‘बंद आहे’ म्हटलं. तरी ती पुढे आली नाही. ‘दादांना बोलवा,’ म्हणाली.